मदत हवी आहे : गुलाबाच्या फोटोंत काळे ठिपके, भुरी आणि मावा वेगळे कसे ओळखावेत?

पहिलीकळी

नमस्कार. माझ्याकडे गुलाबाची एकच कुंडी आहे. गेल्या आठवड्यात तिचे मी चार फोटो काढले. ते पुन्हा पुन्हा पाहूनही रोग आहे की कीड, याचा मला निर्णय करता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिल्या फोटोत शेंड्याची न उमललेली कळी आहे. तिच्या देठावर आणि हिरव्या बाह्यदलांवर पांढरे बारीक कण दिसतात, आणि त्यांच्यामध्ये चार-पाच हिरवे किडेही बसलेले आहेत. दुसऱ्या फोटोत त्याच फांदीचे मधले पान आहे, ज्याच्या वरच्या बाजूवर काळपट डाग पसरले आहेत. तिसऱ्या फोटोत अगदी खालचे पान आहे. त्यावरही काळे डाग आहेत, पण ते सुटे आणि गोलसर आहेत आणि त्यांच्याभोवतीचा भाग पिवळा झाला आहे. चौथ्या फोटोतले कोवळे पान कडांनी वर वळलेले असून त्यावर जांभळट फुगवटे दिसतात.

माझा अंदाज असा होता की पांढरे दिसते ती भुरी, काळे दिसते तो काळ्या ठिपक्यांचा रोग आणि किडे म्हणजे मावा. म्हणजे तिन्ही एकदम आले आहेत. हा अंदाज बरोबर आहे का, आणि फोटोवरून ते खात्रीने सांगायचे तर फोटोत नेमके काय पाहावे?

कुंडीतलीबाग

आपला अंदाज मला योग्य वाटतो. भुरी पांढरी असते आणि काळे ठिपके काळे असतात, यात फार गुंतागुंत नाही. फोटो अंधुक आहेत, म्हणून फ्लॅश लावून अगदी जवळून पुन्हा काढावेत, म्हणजे सगळे स्पष्ट दिसेल.

पानोपानी

अंदाज अर्धा बरोबर आहे, पण रंगावरून निर्णय केला तर नेमक्या या दोन जागी फसगत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी पांढऱ्या कणांविषयी. मावा वाढताना कात टाकतो, आणि ती रिकामी पांढरी कात कळीच्या देठावर तशीच चिकटून राहते. लहान फोटोत ती हुबेहूब भुरीसारखी दिसते. फोटो मोठा करून पाहिलात तर कातीचा प्रत्येक कण सुटा, कडा असलेला आणि किड्याच्या आकाराचा दिसतो. कधी कधी पायही ओळखू येतात. भुरीला असा आकार नसतो. ती पिठासारखी पसरते, तिच्या कडा विरत जातात आणि देठावर काट्यांच्या बुडाशी ती दाट होते. आपल्या पहिल्या फोटोत बाह्यदलांवर मला सुटे कण दिसतात, म्हणजे ती बहुधा कात आहे; पण कळीच्या लगेच खाली, देठाच्या डाव्या बाजूला, कडा नसलेला एक पांढरा पट्टा आहे आणि तो मला भुरीचा वाटतो. एकाच कळीवर दोन्ही असणे मुळीच दुर्मीळ नाही.

काळ्याची फसगत याहून अवघड आहे. मावा गोड चिकट रस टाकतो, तो खालच्या पानांच्या वरच्या बाजूवर पडतो आणि त्यावर काजळीसारखी बुरशी वाढते. काळ्या ठिपक्यांचा रोगही पानाच्या वरच्या बाजूवरच ठळक दिसतो, म्हणून जागेवरून दोन्ही एकच वाटतात. फरक असा की काजळी पानाच्या पृष्ठभागावर बसलेली असते, तर ठिपक्याची बुरशी पानाच्या वरच्या आवरणाखाली वाढते. त्यामुळे ओल्या कापसाने पुसले तर काजळी निघते आणि खाली हिरवे पान दिसते, ठिपका मात्र तसाच राहतो. खऱ्या ठिपक्याची कड गुळगुळीत नसते, ती पिसासारखी झिरझिरीत फाटलेली असते.

म्हणून माझी विनंती अशी, की दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोतल्या पानांचे पुसण्याआधीचे आणि पुसल्यानंतरचे फोटो त्याच कोनातून, त्याच उजेडात काढावेत. फ्लॅश मात्र लावू नये, कारण समोरून पडलेल्या प्रखर उजेडात भुरीचे पीठ आणि चिकट रसाची चमक दोन्ही सारखीच पांढरी होतात. सकाळच्या तिरप्या उजेडात भुरी निस्तेज आणि रस चकाकता दिसतो. पांढरा भाग फारच उजळ येत असेल, तर पडद्यावर त्याच जागी बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा. कॅमेरा फार जवळ नेला की फोकस हलतो, म्हणून वीतभर अंतरावरून काढून नंतर फोटो कापणे चांगले.

गच्चीवरून

माझ्या गुलाबाच्या पानांवर बारीक पिवळे टिपके आहेत आणि खालच्या बाजूला जाळी धरली आहे. मी दोनदा फवारणी केली, तरी फरक नाही. आपल्यालाही हेच झाले असेल तर कोणते औषध वापरावे, हे कृपया कोणी सांगावे.

पानोपानी

जाळी असेल तर ती बहुधा कोळी नावाची बारीक कीड आहे आणि ती या तिन्हींहून वेगळी आहे. पानाच्या खालच्या बाजूच्या फोटोसह स्वतंत्र धागा काढलात तर तिथे अवश्य पाहीन. या धाग्यात औषधाचा विचार ओळख पटल्यावरच करू. बुरशीवरच्या औषधाने मावा जात नाही आणि माव्यावरच्या औषधाने बुरशी जात नाही.

कुंडीतलीबाग

कातीविषयी मला माहीत नव्हते. परंतु कात असेल तर नुसती फुंकर मारून ती उडायला हवी ना? ती चाचणी पुसण्यापेक्षा सोपी आहे.

पानोपानी

कोरड्या देठावरची कात उडते, पण चिकट रसात अडकलेली उडत नाही, त्यामुळे उडाली नाही म्हणून ती भुरी ठरत नाही. ओल्या मऊ ब्रशने हलकेच लोटून पाहावे. कात अख्खी सरकते, भुरी पुसट होऊन फासली जाते.

पहिलीकळी

आज सकाळी सगळे करून पाहिले. कळीवरचे पांढरे कण ब्रशने अख्खे सरकले, पण देठावरचा पट्टा फासला गेला आणि त्याखालचा देठ किंचित लालसर दिसला. मधल्या पानावरचा काळा थर पहिल्याच पुसण्यात निघाला. खालच्या पानावरचे डाग तसूभरही हलले नाहीत. त्यांतला सर्वांत मोठा मोजला तर 8 मिलिमीटरचा आहे आणि त्याच्या कडा आपण म्हणालात तशाच फाटलेल्या आहेत. म्हणजे दोन काळ्यांपैकी एकच काळा ठिपका होता. आता चौथ्या फोटोतले वळलेले पान राहिले. ते मावा आणि भुरी यांपैकी कोणाचे समजावे?

पानोपानी

पहिल्या तिन्ही फोटोंविषयी आता शंका उरली नाही. चौथ्याविषयी मी ठाम सांगणार नाही. कोवळे पान माव्याने रस शोषल्यावरही वेडेवाकडे होते आणि भुरीनेही वळते, म्हणून वळण हा पुरावा होत नाही. जांभळट फुगवटे भुरीच्या सुरुवातीला, पीठ दिसण्याआधी येतात, त्यामुळे माझा कल तिकडे आहे. पण काही जातींची कोवळी पाने मुळातच लालसर असतात. त्या पानाच्या देठाला दोरा बांधून ठेवा आणि चार दिवसांनी दोन्ही बाजूंचा फोटो टाका. तेव्हा पीठ दिसले तर भुरी. डाग शिरांनी अडवल्यासारखे कोनाकोनाचे झाले, तर केवडा या रोगाचाही विचार करावा लागेल, आणि तो या तिन्हींत मोडत नाही.

पहिलीकळी

दोरा बांधला आहे. शेजारच्या फांदीवरची कोवळी पानेही लालसर आहेत, पण त्यांवर फुगवटे नाहीत. त्यांचाही एक फोटो तुलनेसाठी सोबत टाकेन.