शब्दचर्चा : ‘सामायिक करणे’, ‘जतन’ आणि ‘उल्लंघन’ (एका करारातील कर्तव्यांची यादी करताना)

रामदासपेठ :
नमस्कार. धंतोलीतील एका रुग्णालयाने रुग्णनोंदींचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कंपनीशी डेटा प्रक्रिया करार केला आहे. करार इंग्रजीत आहे. रुग्णालयाच्या गोपनीयता अधिकारी मॅडमना त्यातील कर्तव्यांची मराठी यादी हवी आहे, म्हणजे कोणी, कोणाला, काय आणि किती वेळात द्यायचे, ठेवायचे किंवा कळवायचे, हे एका दृष्टिक्षेपात दिसावे. ही यादी नोंदविभाग आणि संगणक विभाग या दोघांच्या टेबलावर राहणार आहे. माझी तीन वाक्ये अडली आहेत.

एक : ‘लेखी पूर्वपरवानगीशिवाय रुग्णांचा डेटा तिसऱ्या पक्षाशी सामायिक केला जाणार नाही.’
दोन : ‘करार संपल्यानंतर डेटा 90 दिवस जतन केला जाईल आणि नंतर नष्ट केला जाईल.’
तीन : ‘डेटा उल्लंघनाची पुष्टी झाल्यापासून 48 तासांत कळवले जाईल.’

अर्थ पोहोचतो असे मला वाटते, पण मॅडमनी दुसऱ्या वाक्यासमोर प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला आहे.

धुरेकरी :
ताई, दुसऱ्या वाक्याचे मूळ काय आहे, ते आधी सांगावे. मराठी वाचून मला असे वाटते की कंपनीने डेटा 90 दिवस सांभाळलाच पाहिजे. मुळात तसे असेल तर ठीक आहे.

रामदासपेठ :
मुळात ‘90 दिवसांहून अधिक काळ ठेवता येणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य आहे.

धुरेकरी :
मग मॅडमचे प्रश्नचिन्ह योग्यच आहे. मूळ कलम कमाल मर्यादा घालते आणि तुमच्या मराठीने तिची किमान मर्यादा केली. ‘जतन’ हा शब्द मराठीत मायेचा आहे. आपण जतन करतो ते आजीचे लुगडे, जुने दस्तऐवज, बियाणे. एखादी वस्तू ठराविक दिवसांनंतर जवळ असणेच दोषाचे आहे, हा भाव त्या शब्दाला पेलत नाही. काही मसुद्यांत ‘धारणा कालावधी’ असेही वाचले आहे, पण धारणा म्हणजे समजूत असाच अर्थ वाचकाच्या मनात आधी येतो. त्यापेक्षा ‘ठेवणे’ हे साधे क्रियापद घ्यावे आणि त्याच्या आधी ‘किमान’ किंवा ‘जास्तीत जास्त’ यांपैकी एक शब्द असल्याशिवाय वाक्य पुढे जाऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट कर्त्याची आहे. तुमच्या तिन्ही वाक्यांत ‘केला जाणार’, ‘केला जाईल’, ‘कळवले जाईल’ असे आले आहे. कोण करणार, हे एकातही नाही. कराराच्या लांब कलमात कर्ता वर कुठेतरी आलेला असतो, म्हणून तिथे हे खपून जाते. यादीत मात्र प्रत्येक ओळ एकटी वाचली जाते, आणि कर्ता नसलेली ओळ दोन्ही विभाग एकमेकांकडे ढकलतात.

नोंदपट्टी :
मी एका रुग्णालयाच्या नोंदविभागात आहे. यात गोंधळ कशाला हवा? रुग्णाने मागितल्यावर कागदपत्रे 72 तासांत द्यायची आणि नोंदी तीन वर्षे ठेवायच्या, हा नियम आम्हाला पाठ आहे. माझ्याकडे मागच्या महिन्यात एका रुग्णाच्या मुलाने चौथ्या दिवशी येऊन वाद घातला होता, म्हणून सांगते की यादीत 48 न लिहिता 72 लिहावे.

धुरेकरी :
ताई, तुम्ही सांगता तो नियम खरा आहे, पण तो दुसऱ्या दारातून आलेला आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचरणाविषयीच्या 2002 च्या विनियमांत आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवण्यास सांगितले आहे आणि मागणी आल्यावर 72 तासांत कागदपत्रे देण्यासही सांगितले आहे. इथला प्रश्न रुग्णाच्या मागणीचा नाही. कंपनीकडे डेटाला काही झाले, तर तिने रुग्णालयाला कधी सांगायचे, हा आहे. आकडा योगायोगाने सारखा दिसतो, कारण डेटा संरक्षणाच्या नियमांतही 72 तास आहेत.

मात्र तुमच्या तीन वर्षांमुळे एक चांगली गोष्ट लक्षात आली. करार संपला आणि कंपनीने 90 व्या दिवशी सर्व डेटा पुसला, पण त्याआधी रुग्णालयाला परत दिलाच नाही, तर तीन वर्षांच्या नोंदी रुग्णालय कुठून दाखवणार? म्हणून यादीत ‘पुसणे’ या ओळीच्या आधी ‘परत देणे’ ही स्वतंत्र ओळ हवी. रामदासपेठ ताई, मुळात तशी तरतूद आहे का?

रामदासपेठ :
आहे. रुग्णालय सांगेल त्याप्रमाणे परत देणे किंवा नष्ट करणे, असे लिहिले आहे. मी ते ‘विल्हेवाट लावणे’ या एका शब्दात बसवले होते. आता वाचताना ते मलाच बरे वाटत नाही.

परसोडी :
मी आयटी पार्कमधील अशाच एका कंपनीत काम करतो, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहितो. पहिली बाब अशी की तिसरे वाक्य मुळातच बेकायदा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते, मग 48 तास कसे चालतील? दुसरी बाब अशी की 90 दिवसांत सगळे पुसा, हेही आम्हाला शक्य नाही, कारण लॉग, म्हणजे प्रणालीत कोणी कधी काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस ठेवणे त्याच निर्देशांनी बंधनकारक केले आहे.

धुरेकरी :
तुमची दुसरी बाब अगदी योग्य आहे आणि यादीत ती घ्यायलाच हवी. नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांत तर लॉग एक वर्ष ठेवण्याची तरतूद आहे. हे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत आणि त्यांतील बहुतेक कर्तव्ये अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू होतील. म्हणून ‘डेटा’ या एकाच शब्दाखाली रुग्णांच्या नोंदी आणि लॉग एकत्र बांधले, तर एका ओळीत दोन परस्परविरोधी आज्ञा येतात. नोंदींसाठी ‘जास्तीत जास्त’ आणि लॉगसाठी ‘किमान’, अशा दोन ओळी कराव्यात.

पहिली बाब मात्र अर्धीच बरोबर आहे. सहा तासांची मुदत सर्ट-इनला कळवण्याची आहे. रुग्णालयाला कधी कळवायचे, ते करार ठरवतो. दोन्ही कर्तव्ये तुमच्याच कंपनीवर आहेत, पण ज्यांना कळवायचे ते वेगळे असल्यामुळे एकाने दुसरे रद्द होत नाही. यादीत ‘कोणाला’ हा रकाना याचसाठी हवा.

आता तिसऱ्या वाक्यातील माझा खरा आक्षेप 48 या आकड्याला नसून ‘पुष्टी झाल्यापासून’ या शब्दांना आहे. एक प्रसंग कल्पून हिशेब करू. शुक्रवारी रात्री 11 वाजता कंपनीच्या पाळीवरील अभियंत्याला दिसते की रुग्णनोंदींच्या फाइली उघडत नाहीत आणि खंडणीची चिठ्ठी आली आहे. शनिवार आणि रविवार तपासात जातात. सोमवारी दुपारी 12 वाजता वरिष्ठ ‘पुष्टी’ करतात. तिथून 48 तास मोजले, तर बुधवारी दुपारी 12 वाजता रुग्णालयाला सांगितले तरी करार पाळला गेला. पहिल्या खुणेपासून तोवर 109 तास झालेले असतात आणि बाह्यरुग्ण विभागात मात्र ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढेच सांगितले जात असते. ‘लक्षात आल्यापासून 24 तासांत’ असे असते, तर शनिवारी रात्री 11 पर्यंत रुग्णालयाला कळले असते.

रुग्णालयाचे स्वतःचे घड्याळ याच्यानंतर सुरू होते. नियमांप्रमाणे त्याने बाधित रुग्णांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचे असते आणि मंडळाला सविस्तर तपशील 72 तासांत द्यायचा असतो. युरोपातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनीने सांगितल्यावर रुग्णालयाला ‘कळले’ असे धरतात. आपल्याकडेही तसेच धरले जाईल, यावर मी तरी विसंबणार नाही.

परसोडी :
काका, हिशेब मान्य आहे, पण ‘लक्षात आल्यापासून’ लिहिले तर आम्ही प्रत्येक खोट्या इशाऱ्यासाठी रुग्णालयाला मध्यरात्री उठवायचे का? आठवड्याला कितीतरी इशारे येतात. शिवाय ‘उल्लंघन झाले’ असे आम्ही लिहून दिले, की आमचे वकील म्हणतात, करार मोडल्याची कबुली दिलीत.

रामदासपेठ :
हाच मुद्दा मलाही टोचत होता. याच करारात पुढे कराराच्या अटी मोडण्यालाही मी ‘उल्लंघन’ म्हटले आहे. म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटणार. मग ‘डेटा गळती’ म्हणावे का?

धुरेकरी :
गळती म्हटले की बाहेर गेले, असाच अर्थ होतो. वरच्या प्रसंगात काहीच बाहेर गेले नसेल, फक्त फाइली उघडेनाशा झाल्या असतील. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातील व्याख्येत अनधिकृत प्रक्रिया आणि चुकून झालेले प्रकटन तर आहेच, पण बदल, नाश आणि डेटापर्यंत पोहोचता न येणे हेही आहे. ‘गळती’ लिहिले, तर संगणक विभाग प्रामाणिकपणे म्हणेल की काही गळलेच नाही, कळवायचे कशाला? माझे मत ‘डेटाभंग’ असे आहे. तो ‘करारभंग’पासून वेगळा दिसतो. परसोडीकरांच्या वकिलांसाठी ‘सूचना देणे म्हणजे दोष मान्य करणे नव्हे’ अशी ओळ करारात असते, ती यादीतही उतरवावी. भीती गेली, की लोक लवकर कळवतात.

नोंदपट्टी :
‘डेटाभंग’ वाचून आमच्या विभागात कोणालाही काही कळणार नाही. ‘डेटाला बाधा’ कसे वाटते?

धुरेकरी :
बाधा शब्दात भूतबाधा आणि विषबाधा दोन्ही डोकावतात, पण व्याप्ती बरोबर पकडली आहे. मी हट्ट धरणार नाही.

‘सामायिक’विषयी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे सामायिक विहीर, सामायिक धुरा, सातबाऱ्यावरील सामायिक क्षेत्र म्हटले, की दोघांचा हक्क आला. करार सांगतो ते याच्या उलट आहे, की डेटावर कंपनीचा स्वतःचा हक्क काहीच नाही आणि तिने तो फक्त रुग्णालयाच्या सूचनेप्रमाणे हाताळायचा आहे. ‘देणे’ किंवा ‘पाहू देणे’ असे लिहावे. ‘पाहू देणे’ विसरू नये, कारण एसएमएस पाठवणाऱ्या उपकंत्राटदाराला फाइल पाठवली नाही, नुसता लॉगिन दिला, तरी ही ओळ लागू झाली पाहिजे.

रामदासपेठ :
सर्वांचे आभार. मॅडमकडे पुढील ओळी पाठवत आहे.

‘कंपनीने रुग्णालयाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय रुग्णांचा डेटा कोणत्याही उपकंत्राटदाराला किंवा अन्य कोणाला देऊ नये अथवा पाहू देऊ नये.’
‘करार संपल्यावर कंपनीने रुग्णनोंदी रुग्णालय सांगेल त्याप्रमाणे आधी परत द्याव्यात आणि आपल्याकडील प्रती जास्तीत जास्त 90 दिवसांत पुसाव्यात.’
‘कंपनीने लॉग किमान एक वर्ष ठेवावेत.’ (यापुढे ‘करारात नाही, नियमांतून’ अशी खूण केली आहे.)
‘कंपनीने डेटाभंगाची पुष्टी झाल्यापासून 48 तासांत गोपनीयता अधिकाऱ्यांना कळवावे.’

शेवटच्या ओळीत ‘पुष्टी’ तशीच ठेवली आहे, कारण करारात जे आहे तेच यादीत यायला हवे. मात्र समासात शुक्रवार ते बुधवारचा हिशेब लिहून दिला आहे. ‘वाजवी संशय आल्यापासून’ असे शब्द चालतील का, हे मॅडम कंपनीला विचारणार आहेत.

परसोडी :
‘वाजवी’ म्हणजे कोणाच्या मते वाजवी, हे आमचे वकील पहिल्याच फेरीत विचारतील. तेवढे लिहून ठेवा.