सल्ला हवा: कार्टच्या पानावरचं ‘हेही घ्या’ कसं लिहू?

कोरा_कागद
मंडळी, माझं चित्रकलेच्या सामानाचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. कार्टच्या पानावर सजेशनचा एक ठोकळा दिसतो, तो थीमबरोबर आला तसाच ठेवलाय. हेडिंग: ‘थांबा! तुम्ही काहीतरी विसरताय!’ खाली आठ वस्तूंची सरकती पट्टी, बटणावर ‘हो, मला हवंच!’ आणि त्याखाली फिक्या अक्षरांत ‘नको, माझं चित्र साधंच बरं’. एका गिऱ्हाइकाची मेल आली, ‘सामान विकता की टोमणे मारता?’

हेडिंग, वस्तूखालची एक ओळ आणि बटणाचं लेबल, एवढं मला पॅनेलमधून बदलता येतं. कोणत्या वस्तूबरोबर काय दाखवायचं तेही हाताने जोडता येतं. खर्च करायचा नाही, नवं ॲप नको, डेव्हलपर नाही. फक्त मजकूर सुचवा.

धडाडी
मजकुरात वेळ घालवू नका, सरळ पेड ॲप घ्या. भाडं थोडं जास्त आहे, पण माझ्या दुकानात ऑर्डरची सरासरी रक्कम बघता बघता वर गेली. कोणी काय घ्यावं ते ॲपच ठरवतं. काउंटडाउनही लावता येतो.

कोरा_कागद
धडाडी, खर्च नाही असं लिहिलंय हो वर.

धडाडी
तो खर्च नाही, गुंतवणूक आहे.

वैतागलेला
मी गिऱ्हाईक म्हणून बोलतो. मोबाइलवर कार्ट उघडलं की पैसे भरायचं बटण सापडत नाही, कारण मध्ये ही पट्टी. एका ठिकाणी तर ‘जोडा’ दाबलं आणि त्या वस्तूचं पान उघडलं, परत आलो तर कूपन उडालेलं. दुसऱ्या ठिकाणी चौकटीवर आधीच टिक होती, बिलात नको ती वस्तू आली. अनेक देशांत असल्या टिकांवर कायद्यानेच बंदी आहे, तरी चालूच आहे यांचं. काही दाखवूच नका, हा माझा सल्ला.

अल्पाक्षरी
वैतागलेला यांची पहिली तक्रार आधी ऐका. ठोकळा चेकआउट बटणाच्या खाली जात असेल तर न्या आणि आठच्या जागी एक किंवा दोन वस्तू ठेवा. मी दुकानांसाठी हेच मजकूर लिहितो. आठ वस्तू असल्या की कितीही गोड लिहा, ती जाहिरातच वाटते.

आता मजकूर. सजेशन मदतीचं वाटतं ते त्यात कारण असलं की, आणि कारण कार्टमधल्या वस्तूतूनच यायला हवं. समजा कोणी कोळशाच्या कांड्या घेतल्या. ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून कुंचले दाखवले तर ती आगाऊगिरी झाली. त्याऐवजी हेडिंग ‘कोळशाच्या चित्रासाठी’, वस्तू फिक्सेटिव्ह आणि खाली ओळ: ‘न फवारता ठेवलं तर कोळसा हाताला लागून पुसतो. घरात डबा असेल तर पुन्हा नको.’ बटणावर नुसतं ‘कार्टमध्ये जोडा’. नकाराचं बटणच काढा. नको असेल तो पुढे जाईल, त्याच्याकडून ‘नको’ वदवून कशाला घ्यायचं?

एक तपासा मात्र. स्प्रेचे डबे विमानाच्या पार्सलमध्ये बहुधा घेत नाहीत. डब्यामुळे अख्खी ऑर्डर उशिरा पोचणार असेल तर ते त्याच ओळीत सांगा. नाहीतर तुमची मदत आणि त्याचा आठवडा वाया.

धडाडी
‘घरात असेल तर नको’?? स्वतःच्या हाताने गिऱ्हाईक घालवताय.

अल्पाक्षरी
ज्याच्याकडे डबा आहे तो घेणारच नव्हता. घेतला असता तर परत पाठवला असता.

चिंगी
धागा वाचून विचारते, मला जलरंग सुरू करायचेत, कोणता सेट घेऊ? मुलीलाही हवाय.

कोरा_कागद
चिंगी, वेगळा धागा काढा, तिथे नक्की सांगतो 🙂

अल्पाक्षरी, माझी खरी डोकेदुखी हीच आहे. लोक जलरंगांबरोबर १२० जीएसएमची स्केचची वही घेतात. पाणी लागलं की पान फुगतं, मग आमच्या नावाने ओरड. ३०० जीएसएमचा पॅड सुचवायचा तर कसं लिहू? तो महाग आहे, म्हणजे पुन्हा माल खपवतोय असंच वाटणार.

ओलेते
३०० जीएसएमच हवा हे कोणी ठरवलं? मी पातळ कागद भिजवून, पाटावर चारी कडा कागदी गमपट्टीने चिकटवून वाळवतो. ताणून बसतो, फुगत नाही. नवशिक्यांना उगाच महागडा कागद विकतात.

वैतागलेला
वही पाटावर कशी चिकटवणार? पानं फाडून?

ओलेते
सुटे कागद घ्यायचे ना. वही मुळात घ्यायचीच कशाला?

अल्पाक्षरी
कागदाचं नंतर भांडा. कोरा_कागद, हे आधीच्या सजेशनपेक्षा वेगळं आहे. फिक्सेटिव्ह कार्टमध्ये भर घालतो, पॅड वहीची जागा घेतो. म्हणून ‘जोडा’ लिहिलंत तर गिऱ्हाईक दोन्ही घेऊन बसेल आणि घरी गेल्यावर चिडेल. ओळ अशी: ‘ही वही पेन्सिल आणि पेनासाठी चांगली आहे. ओल्या रंगाने पान फुगतं, जलरंगासाठी ३०० जीएसएमचा पॅड बघा.’ वहीला नावं ठेवू नका, तिचा उपयोग आधी सांगा. किमतीतला फरक तिथेच दिसू द्या.

पण माझं मत विचाराल तर हे कार्टमध्ये नकोच, वहीच्या पानावर टाका. कार्टपर्यंत माणूस ठरवून आलेला असतो. तिथे ‘तुमची निवड चुकली’ म्हटलं की तो बाकीच्या वस्तूंवरही शंका घेतो आणि टॅब बंद करतो.

धडाडी
म्हणून म्हणतो, ॲप हे सगळं आपोआप करतं.

रंगारी_नाही
तेच ॲप मी वापरून बघितलं. ॲक्रिलिक रंगांच्या कार्टवर जवसाचं तेल सुचवायचं. बरेच लोक तैलरंग आणि ॲक्रिलिक एकत्र मागवतात, एवढंच त्याला कळलं होतं. ॲक्रिलिक पाण्यात मिसळतात, तेलाशी त्यांचं जमत नाही. एका बाईंनी घेतलंही. खरेदी झाल्यामुळे ॲपच्या अहवालात ते ‘यशस्वी सजेशन’ ठरलं आणि परतावा आला तो दुसऱ्याच पानावर. ‘जोडा’ किती वेळा दाबलं तेवढंच बघू नका, जोडून पुन्हा काढलं किती आणि परत आलं किती तेही बघा.

अल्पाक्षरी
अगदी. आणि किती कार्टांचं पैसे भरणं पूर्ण झालं तेही. सजेशन खपतंय पण पूर्ण ऑर्डरी घटल्यात, असं झालं तर तोटाच. छोट्या दुकानात आठवडाभराच्या आकड्यांवरून काही ठरवू नका, चार ऑर्डरी इकडेतिकडे झाल्या तरी चित्र उलटतं.

वैतागलेला
मी तेच म्हणालो होतो. दाखवूच नका.

चिंगी
वेगळा धागा काढला, कोणीच उत्तर दिलं नाही.

कोरा_कागद
आभार सगळ्यांचे. आज बदललं. ठोकळा बटणाखाली जात नाही, थीम सोडत नाही, म्हणून एकच वस्तू ठेवली म्हणजे बटण फोनवर निदान दिसतं. हाताने तीन जोड्या लिहिल्या: कोळसा-फिक्सेटिव्ह, ॲक्रिलिक-पॅलेट नाइफ आणि वही-पॅड. बाकी कार्टांवर काहीच दिसणार नाही.

पॅड मात्र कार्टमध्येच ठेवलाय, अल्पाक्षरी. तक्रारी तिथूनच येतात आणि वहीचं पान लोक वाचत नाहीत, चित्र बघून घेतात. वही आणि जलरंग दोन्ही असतील तरच दिसतो. ओळ तुमचीच, बटणावर ‘वहीऐवजी हा घ्या’. अदलाबदल आपोआप होत नाही, वही स्वतः काढावी लागते, तेही ओळीत लिहिलंय.

अल्पाक्षरी
बटण एक सांगतं आणि करतं दुसरं. ‘पॅड जोडा’ लिहा निदान.

कोरा_कागद
लिहिलं. उरलेलं राहू दे.

ओलेते
गमपट्टी सुचवली असती तर स्वस्तात झालं असतं.