मदत हवी आहे: आजोबांना मोतीबिंदू, आईची मूठ सुटत नाही, बहिणीचं बाळ व्हेंटिलेटरवर. सगळं एकच कसं?

मांजराकाठ (लातूर जिल्हा)

मंडळी, जरा लांबण लागंल, सांभाळून घ्या.

बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या महिन्यात पाणी जास्त आहे म्हणाले, बाळ हालतंही कमी होतं. जन्मल्यावर बाळ रडलंच नाही. अंग ओल्या कापडासारखं ढिलं, पावलं आत वळलेली, दूध ओढता येईना. आज पाच आठवडे झाले, नळीवरच आहे. गावात करणीपासून कुळाचाराच्या चुकीपर्यंत सगळं बोलून झालं.

शेवटी एक मेंदूविकाराच्या डॉक्टरीण बाई आल्या. बाळाला बघितलं आणि बहिणीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, घट्ट दाबा, आता सोडा. तिला पटकन सुटेना! मागं उभी असलेली आई म्हणाली, माझंबी असंच होतं, थंडीत खुरपं धरलं की बोटं उघडत नाहीत. आईचे वडील पन्नाशीत मोतीबिंदूनं अधू झाले होते, एकसष्टाव्या वर्षी रानात बसल्या जागी गेले.

आधी केलेल्या महागड्या जनुक तपासणीत काहीच निघालं नव्हतं. बाईंनी वेगळी तपासणी लिहून दिली. आईचा आकडा १८०च्या आसपास, बहिणीचा ४५०, बाळाचा १३००च्या वर. आजाराचं नाव मायोटोनिक डिस्ट्रॉफी, प्रकार १.

माझे प्रश्न: आकडा असा वाढत का जातो? आईचं पित्ताशयातल्या खड्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, करावं का? मी २७ वर्षांचा, मला काही त्रास नाही. गुपचूप दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं, त्यांच्या कागदावर फक्त '१३, वाढ आढळली नाही' असं आहे. म्हणजे मी सुटलो ना? दिवाळीनंतर लग्न ठरलंय.

हिंगोलीचा_भाऊ

दादा, आमच्या भाच्याला पण डिस्ट्रॉफी आहे, नवव्या वर्षी चालणं बंद झालं. पण हा आजार पोरांनाच होतो, बाया फक्त पुढं देतात असं आम्हाला सांगितलंय. बहिणीला कसा झाला? रिपोर्ट पुन्हा करा.

आजीचा_बटवा

बहीण मामाच्या घरात दिली आहे का? आपल्याकडं नात्यात लग्नं करतात, त्यानंच असले आजार पिढीगणिक जास्त होत जातात.

मांजराकाठ

नाही मावशी, मेहुणे पार बीडकडचे. नातं काहीच नाही.

परभणीची_ताई

मूळ परभणीची, सध्या पुण्यात. जनुक तपासणीच्या लॅबमध्ये १४ वर्षं आहे.

भाऊ, तुमच्या भाच्याचा आजार बहुतेक वेगळा, नावातला शेवटचा शब्द तेवढा सारखा. मावशी, नात्यातल्या लग्नाचा धोका खरा आहे, पण तो दोन्हीकडून बिघाड यावा लागतो अशा आजारांत. इथं एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी.

आता आकडा. आमच्या आजीकडं रामनामाची वही होती. ओळीत पाचदहा वेळा 'राम' असेल तर उतरवून काढताना चूक होत नाही. पण पानभर तेच असेल तर बोट कुठं होतं हे हरवतं. १९व्या गुणसूत्रावर एका जागी सी-टी-जी ही तीन अक्षरं अशीच ओळीनं येतात. तुमच्याआमच्यात ती पाचपासून चौतीसेक वेळा असतात आणि पिढ्यान् पिढ्या तेवढीच राहतात. पन्नासच्या पुढं गेली की नक्कल करताना धागा स्वतःवरच दुमडून गाठ मारतो. दुरुस्ती करणारी प्रथिनं ती गाठ सोडवायला येतात आणि बऱ्याचदा तिलाच खरी मानून ओळ वाढवून ठेवतात. म्हणून आईपेक्षा लेकीचा आकडा मोठा आणि लेकीपेक्षा बाळाचा. आकडा मोठा तसा आजार सहसा लवकर आणि जोरात येतो, म्हणून दर पिढीत तो आधी दिसतो. जन्मतःच दिसणारा प्रकार जवळजवळ नेहमी आईकडून येतो. बापाकडून इतकी मोठी उडी क्वचितच.

ही लांब ओळ पेशीत उतरवली जाते तेव्हा कामाची काही प्रथिनं तिलाच चिकटून अडकतात. त्यामुळं स्नायू, डोळ्याचं भिंग, हृदयातली विजेची वाट, सगळीकडं त्रास. आजोबांचं काय झालं ते आता कुणी सांगू शकणार नाही, पण आई आणि बहिणीचा ईसीजी याच आठवड्यात काढा आणि दरवर्षी काढत जा.

ऑपरेशन टाळायलाच हवं असं नाही, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी, लेखी द्या. सक्सिनिलकोलीन नावाच्या औषधानं यांचे स्नायू शिथिल व्हायच्या ऐवजी आखडतात, आणि झोपेच्या थोड्या औषधानंही श्वास मंदावतो. ऑपरेशननंतरची रात्र देखरेखीखाली काढावी लागते.

निवृत्त_मास्तर

दर पिढीत लवकर येतो म्हणणं फसवं असू शकतं. आजारी बाळ सापडलं की आपण मागं जाऊन सौम्य आजोबा शोधतो. ज्यांना लहानपणीच जोराचा आजार झाला त्यांना मुलंच होत नाहीत, ते 'आजोबा' म्हणून यादीत येणार कसे? ही निवडीची चूक आहे.

परभणीची_ताई

सर, हेच जनुकशास्त्रज्ञ पेनरोज यांनी १९४८ मध्ये मांडलं आणि पुढची चाळीसेक वर्षं बहुतेकांनी मानलं. १९९२ मध्ये ही ओळ प्रत्यक्ष सापडली, मोजता आली, तेव्हा वाद मिटला. पण तुमचं अर्धं म्हणणं आजही खरं: सगळ्या घरांत असंच होतं असं नाही. काहींत आकडा घटतोही, विशेषतः बापाकडून येताना.

आणि आकड्यावरून कुणाला कधी काय होईल हे ठरवू नका. रक्तातला आकडा वयासोबत वाढतो, स्नायूतला आणखी वेगळा असतो.

मांजराकाठ, आता तुमचं. त्या लॅबनं साधी पीसीआर केली असावी. तिच्यात लांब ओळीच्या नकला निघतच नाहीत, म्हणून ती दिसत नाही. प्रत्येकाकडं दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. तुमच्या कागदावर एकच आकडा आहे. दोन्ही प्रती १३च्या असतील, किंवा एक दिसलीच नसेल. आईच्या आणि बहिणीच्या रिपोर्टवर मोठ्या आकड्याशेजारी लहान आकडा असेल. तो काय आहे?

मांजराकाठ

आई: ५ आणि १८०. बहीण: १३ आणि ४५०.

बाळ जगलं तर पुढं चालंल का ताई?

परभणीची_ताई

नळी निघाली तर बरीच मुलं सावकाश का होईना चालायला लागतात. शिकायला जड जातं. किती, ते तिथले डॉक्टरच सांगतील. बहिणीला पुढच्या वेळी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं, पण दिवस जायच्या आधीच समुपदेशकाला भेटा.

तुमचा नमुना पुन्हा द्या. ट्रिपलेट-प्राइम्ड पीसीआर म्हणून लिहून घ्या. मोठी ओळ असेल तर तिच्यात कंगव्याच्या दातांसारखी उतरती रांग दिसते. नेमकी लांबी मोजायला सदर्न ब्लॉट. आणि तोवर तुमचाही ईसीजी. मला व्यक्तिगत निरोप करा, फोनवर बोलू.

आजीचा_बटवा

अगं ताई, पण त्याला आहे का नाही ते सांग ना इथंच. पोराच्या जिवाला घोर लागलाय.

मांजराकाठ

मावशी, राहू द्या. मी कागदावर मांडून बघितलं.

बहिणीचा १३ वडिलांकडून आला, आईकडं १३ नाहीच. माझाही १३ वडिलांचाच. मग आईकडून मला एकतर ५ यायला पाहिजे, नाहीतर दुसरा. ५ लहान आहे, असता तर त्या मशीनला दिसला असता.

नमुन्यांची अदलाबदल झाली असंल का ताई? होतं का असं?

परभणीची_ताई

होतं. म्हणूनच पुन्हा द्या म्हणते. निरोप केलाय, बघा.

हिंगोलीचा_भाऊ

दादा, मुलीकडच्यांना सांगणार का आत्ता?

मांजराकाठ

अजून घरात पण कुणाला सांगितलं नाही. सोमवारी लातूरला जातोय रक्त द्यायला.