प्रतिसाद: बिल तपासणी रेझ्युमेत कशी लिहावी?

> "बीओक्यू, रेट अ‍ॅनालिसिस, मोजमाप, बिल तपासणी असं सगळं लिहिलंय, तरी कॉल येत नाही."

बिल तपासणीची ओळ आधी बदला. ‘कंत्राटदाराची बिलं तपासली’ यातून काहीच कळत नाही. काय पकडलं ते लिहा. समजा आतल्या भिंतींच्या प्लास्टरमध्ये कंत्राटदाराने दरवाजांची वजावटच केली नव्हती. दरवाजा १ × २.१ मीटर, म्हणजे २.१ चौ.मी. बांधकाम मोजमापाच्या आयएस १२०० या भारतीय मानकानुसार ०.५ ते ३ चौ.मी.च्या दार-खिडकीच्या मोकळ्या जागेला, दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची वजावट होते. ४० दरवाजांचे ८४ चौ.मी. झाले. मग ओळ अशी: ‘आरए बिल मोजमाप पुस्तिकेशी ताडून प्लास्टरचे ८४ चौ.मी. जादा मोजमाप कमी केले.’ आकडे मात्र स्वतःच्याच साइटचे द्या, मुलाखतीत हिशेब मांडायला लावतातच.