डेक्सा रिपोर्ट समजून घ्यायला मदत हवी आहे

मंडळी, बाबांचा (वय 61, दादर) डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी शरीरातली चरबी, स्नायू आणि हाडं मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आलाय. वजन 68 किलो, उंची 168 सेंमी, दिसायला सडपातळच. पण अँड्रॉइड भागात, म्हणजे पोटाच्या पट्ट्यात, चरबी 42 टक्के आणि गायनॉइड, म्हणजे नितंब-मांड्यांत, 35. गुणोत्तर 1.2, म्हणजे चरबी पोटावरच जास्त. त्याहून काळजी लीन मासची, म्हणजे चरबी आणि हाडं सोडून उरलेल्या, मुख्यतः स्नायूंच्या वजनाची वाटते. हातापायांचं मिळून 19.6 किलो; उंचीच्या वर्गाने भागल्यावर 6.9 येतं. आशियाई पुरुषांसाठी 7 च्या खाली कमी धरतात. लीनमध्ये पाणीही मोजलं जातं आणि बाबा त्या दिवशी सकाळपासून पाणी न पिता गेले होते. एवढा निसटता फरक त्यामुळे पडू शकतो का? की स्नायू खरंच कमजोर आहेत का हे कळायला हाताच्या पकडीची ताकद तपासून घ्यावी? जाणकारांनी कृपया सांगा.