निरोपाच्या मेलमध्ये नावं घ्यावीत का?

पांढरं सोनं: हिंगणघाटकडच्या कापसाच्या जिनिंगमधून मी महिनाअखेरीस जातोय. ऑफिसची टीम नऊ जणांची. 'सगळ्यांनी सहकार्य केलं, तुम्ही माझं कुटुंब आहात' एवढं लिहून मोकळं व्हावं, असं माझं मत. नावं घेतली की मेल लांबतो आणि रडका होतो.

काट्यावरचा माणूस: हे वाचून राहवलं नाही. मेल रडका होतो तो 'कुटुंब'सारख्या शब्दांनी, नावांनी नाही. मीही सहा हंगाम यवतमाळकडे एका जिनिंगचा मॅनेजर होतो. जाताना लिहिलेल्या मेलचा भाग देतो, नावं बदलली आहेत:

> विषय: शुक्रवार माझा इथला शेवटचा दिवस
>
> सगळ्यांना नमस्कार. शुक्रवारी मी काम सोडतोय.
>
> गजूभाऊ, अवकाळी पाऊस आला त्या रात्री तुम्ही कुणाची वाट न पाहता ताडपत्र्या ओढल्या, म्हणून गंजी कोरडी राहिली. सुनीताताई, पावती आणि गाडी नंबरचा मेळ तुम्ही रोज संध्याकाळी लावलात. वजनाचा वाद झाला की आपण तुमच्याच वहीवर निभावलो. प्रवीण, ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की तू शेतकऱ्यालाच मीटर पाहायला लावायचास. ते मी तुझ्याकडून शिकलो.
>
> सोमवारपासून रजेसाठी आणि सुट्या भागांच्या मंजुरीसाठी प्रवीणला विचारा. माझा नंबर तोच आहे.

माणशी एक वाक्य. लिहून झालं की वाक्यातलं नाव बदलून पाहायचं. गजूभाऊंच्या जागी प्रवीण घातला तरी चालत असेल, तर ते वाक्य कुणाचंच नाही, खोडायचं. 'मेहनती', 'प्रामाणिक' हे शब्द असेच गळतात. आणि घटना अशी निवडायची की बाकीच्यांनीही ती पाहिलेली असावी. कुणाचं आजारपण, कर्ज, घरातलं भांडण मेलमध्ये आणायचं नाही, कितीही जिव्हाळ्यानं असो.

टेबल नंबर तीन: तुम्हाला लिहायला सोपं आहे. आमच्या तालुक्याच्या ऑफिसात साहेबांनी असाच मेल लिहिला. आठ जणांची नावं होती, माझं नव्हतं. चार वर्षं त्यांच्या बाजूच्या टेबलावर बसले मी. जेवणाच्या सुट्टीत सगळे मेल वाचून दाखवत होते आणि मी डबा झाकून उठले. नावं नकोतच.

काट्यावरचा माणूस: ताई, हे वाईट झालं. पण चूक नावं घेण्याची नाही, आठवणीवर लिहिण्याची आहे. मी हजेरीपट समोर ठेवून लिहिलं आणि प्रत्येक नावापुढे खूण केली. टीम चाळीसची असेल तर तुमचं म्हणणं मान्य, तिथं माणसांऐवजी कामं सांगावीत. नऊ जणांत नाही.

टेबल नंबर तीन: हजेरीपटाचं पटलं. बाकी नाही.

नियमानं चालणारा: मेल शेवटच्या दिवशी संध्याकाळीच पाठवावा. आधी पाठवला की कामात लक्ष राहत नाही.

काट्यावरचा माणूस: माझं लॉगिन शेवटच्या दिवशी दुपारीच बंद झालं. आदल्या दिवशी सकाळी पाठवला होता म्हणून वाचलो. उत्तरं आली, दोघं येऊन बोलून गेले. संध्याकाळच्या मेलला उत्तर द्यायचं तरी कुठं? पण सोडतोय ही बातमी टीमला मेलमधूनच पहिल्यांदा कळू नये, ती आधी तोंडी सांगावी.

वऱ्हाडी गडी: काहून भांडून राह्यले बाप्पा? टीम म्हणजे मेलवाले नऊच काय? गाठी उचलणारे हमाल, सरकी भरणाऱ्या बाया, फाटकावरचा बुढा, यायले मेल कोण धाडते? १७० किलोची गाठ मेलनं हालते काय?

नियमानं चालणारा: ते ठेकेदाराची माणसं आहेत. टीममध्ये धरता येत नाहीत.

वऱ्हाडी गडी: हंगामात रातपाळीले तुमचे नऊ जन कुठं असतेत? माह्या बापानं वीस वर्स गाठी उचलल्या. तीन मॅनेजर गेले, कोणं सांगतलंही नाही. दुसऱ्या दिवशी नवा मानूस दिसे. ठेकेदार, ठेकेदार करू नका माह्यासमोर.

काट्यावरचा माणूस: इथं मी कमी पडलो. हमालांसाठी तोच मजकूर छापून फलकावर लावला होता.

वऱ्हाडी गडी: फलक वाचाले येते कोनाले? पाळी बदलते तवा उभं राहून तोंडानं सांगा.

काट्यावरचा माणूस: तोंडी सांगायला हवं होतं, खरं आहे. पण फलकावरचा कागद एकानं घडी करून घरी नेला, तेही मी पाहिलं. दोन्ही करावं.

वऱ्हाडी गडी: कागद नंतर. आधी तोंड.

पांढरं सोनं: ठीक आहे, 'कुटुंब' काढतो. हजेरीपट घेऊन बसलो, सात वाक्यं झाली. लेखापालाशी माझं कधी जमलं नाही, त्याच्याबद्दल खोटं लिहिणार नाही.

टेबल नंबर तीन: खोटं नका लिहू, पण गाळू नका. त्यानं तुमचं एखादं बिल अडवलं असेल ना?

पांढरं सोनं: अडवलं होतं. बेल्टचं. दर दोनदा लागला होता.

टेबल नंबर तीन: मग तेच लिहा.