सूचक प्रश्न, वदवून घेणारा प्रश्न की आणखी काही?

अनुलेखा: एका लघुकथेचा अनुवाद चालू आहे. नायिका संशोधनासाठी मुलाखती घेते. आजारी आईचं सगळं करणाऱ्या एका बाईंना ती विचारते, "सगळं ओझं तुमच्यावरच पडलं असेल ना?" बाई म्हणतात, "हो, ओझंच." रात्री ध्वनिमुद्रण ऐकताना तिच्या ध्यानात येतं की 'ओझं' हा शब्द आधी तिचाच होता. या 'लीडिंग क्वेश्चन'ला शेवटच्या वाक्यात काय म्हणू? कोशात 'सूचक प्रश्न' आहे, पण तो मला खटकतो.

दिगंत: 'प्रमुख प्रश्न' म्हणा की. मुलाखतीतला मुख्य प्रश्न.

साक्षीपुरावा: नाही हो, इथे 'लीडिंग' म्हणजे मुख्य नव्हे, उत्तराकडे नेणारा. कायद्याच्या मराठीत 'सूचक प्रश्न' पक्का रुजलेला आहे. हवं असलेलं उत्तर ज्या प्रश्नातच सुचवलेलं असतं, तो सूचक. सरतपासणीत आपल्याच साक्षीदाराला असा प्रश्न सहसा विचारता येत नाही. उलटतपासणीत चालतो, कारण तिथे साक्षीदार दुसऱ्या बाजूचा असतो आणि आयतं उत्तर उचलण्याचा धोका कमी. रुजलेला शब्द असताना नवा कशाला?

अनुलेखा: कारण सूचक हास्य, सूचक मौन. वाचकाला वाटेल की तिने काहीतरी आडून सुचवलं. शिवाय ठरावाचा सूचक आणि अनुमोदक आहेतच.

बोरुबहाद्दर: 'सूची' म्हणजे सुई. सुईमागून दोरा जातो तसं प्रश्नामागून उत्तर, म्हणून सूचक. व्युत्पत्तीच साक्ष देते!

साक्षीपुरावा: सूची म्हणजे सुई, हे बरोबर. पण 'सूचक'चा सरळ अर्थ दाखवणारा, कळवणारा. दोरा तुम्ही ओवलात.

मुक्तछंद: 'वदवून घेणारा प्रश्न' अस्सल मराठी आहे, संस्कृतचं ओझं नको.

तपशील: 'वद्' संस्कृतच, पण ते राहू दे. वदवून घेण्यात हेतू असतो आणि या कथेतल्या नायिकेचा तसा हेतू नाही. तिला सहानुभूती दाखवायची होती, आणि अशा मुलाखती बहुतेकदा सहानुभूतीनेच बिघडतात. मराठीत आणखी एक अडचण आहे. 'असेल ना' ऐकल्यावर नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचा मान न राखणं. '-वरच' मधला 'च' घरातल्या बाकीच्यांना आधीच वगळतो. 'ओझं' तर निवाडाच देतं. एका वाक्यात तीन ठिकाणी उत्तर भरलेलं आहे. मूळ कथेत 'च'सारखं काही आहे का?

अनुलेखा: नाही. मराठीत ते आपसूक येतं.

मुक्तछंद: 'च' काढला तर वाक्य पुस्तकी होईल. माणसं अशीच बोलतात.

तपशील: बोलतात, म्हणूनच प्रश्न आधी लिहून काढायचे. 'त्या दिवसांबद्दल सांगा', मग गप्प बसायचं, मग 'म्हणजे नेमकं काय?' इतकंच. 'किती त्रास झाला?' हा प्रश्न मोकळा वाटतो, पण त्रास झाला हे त्यात गृहीत आहे.

दिगंत: आमच्याकडच्या अभिप्राय-फॉर्मवर 'सेवा किती आवडली?' असंच छापलंय. म्हणजे तोही सूचक?

तपशील: अगदी.

साक्षीपुरावा: पण एका शब्दाने इतका फरक पडतो? बाईंना खरंच ओझं वाटलं असेल.

तपशील: असेलही, पण आता ते कळायला मार्ग नाही. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताची फीत दाखवून वेग विचारला. क्रियापद 'धडकल्या' होतं तेव्हा सरासरी ताशी ३४ मैल आली, 'आदळून चुराडा झाला' असं होतं तेव्हा ४० च्या वर. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का. फितीत काच नव्हतीच. तरी 'चुराडा' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्यांपैकी ७.

मुक्तछंद: ते डोळ्यांनी पाहिल्याचं. इथे भावना आहे, तिचं मोजमाप कसं करणार?

तपशील: मोजमाप नको, लेखी उतारा पुरतो. शब्द पहिल्यांदा कोणाच्या ओळीत येतो ते शोधायचं. बाई आधी 'करत होते', 'जमवत होते' म्हणत असतील, प्रश्नानंतर 'ओझं' धरून बसल्या असतील आणि ते दाखवणारा एकही प्रसंग स्वतःहून सांगत नसतील, तर शब्द उसना आहे. तो भाग खोडायचा नाही. 'प्रश्नातून आलेलं' अशी खूण करायची आणि निष्कर्षाला त्याचा आधार घ्यायचा नाही.

साक्षीपुरावा: मग नायिकेने परत जाऊन मोकळा प्रश्न विचारावा. कथा तिथे संपवता येईल.

तपशील: उपयोग थोडाच. शब्द कानावर पडून गेलाय, पुढचं उत्तर त्याच्या सावलीतच येईल.

बोरुबहाद्दर: 'ओझं'ची व्युत्पत्ती कोणी पाहिली का? माझ्या मते 'ओज'वरून.

अनुलेखा: 'उत्तर घालून विचारलेला प्रश्न' कसा वाटतो? 'च' काढते, 'ना' मात्र ठेवते.

मुक्तछंद: आणि बाईंच्या उत्तरातलं 'ओझंच'? तिथला 'च' कोणाचा?